सागरतळाची आकृती आणि पोरीचा प्रश्न: मुंबईहून निघालं तर कडा किती लांब?

आंबेजोगाईकरीण | रविवार, सकाळी १०:१२

आमच्या आठवीतल्या पोरीला भूगोलात सागरतळरचना आहे. आकृती सगळ्यांच्या ओळखीची. डावीकडं जमीन, मग पाण्याखाली भूखंडमंचाची पायरी, तिथून धाडकन खाली जाणारा खंडान्त उतार, मग सपाट सागरी मैदान, मधोमध टोकदार पर्वतरांग आणि एका कडेला विहिरीसारखी गर्ता. काल रात्री तिनं विचारलं, "आई, मुंबईहून होडीत बसून निघालं तर हा कडा किती किलोमीटरवर येतो? आणि त्याच्यावरून जाताना पोटात गोळा येतो का?"

मी म्हटलं, येत असेल शंभरेक किलोमीटरवर. मग माझंच मला पटेना. एवढा उभा कडा पाण्यात टिकतो कसा? पावसाळ्यात आमच्या शेताचा बांध टिकत नाही. आमच्या घरात समुद्र पाहिलेली मी एकटी, तोही लग्नानंतर जुहूला, गुडघाभर. परीक्षेपुरतं उत्तर पुस्तकात आहेच, तिला पटेल असं काही कुणी सांगेल का?

रिगवरचा_बीडकर | रविवार, सकाळी १०:५०

ताई, कडाबिडा काही नसतो. मी सहा वर्षं मुंबई हायला वेल्डर होतो, चौदा दिवस तिकडं अन् चौदा दिवस घरी. किनाऱ्यापासून १६० किलोमीटर, हेलिकॉप्टरनं जायचो. तिथं पाणी किती माहिती का? ७५ मीटर. प्लॅटफॉर्मचे लोखंडी पाय सरळ तळावर टेकलेत. १६० किलोमीटर जाऊन एवढंच पाणी असेल तर कडा कुठला? अरबी समुद्र मुळात उथळच आहे. खोल पाणी तिकडं जपानकडं.

बोअरवाला_औसा | रविवार, सकाळी ११:३१

समुद्रतळ म्हणजे समुद्रसपाटीच ना? मग माझी एक शंका सांगा. मागच्या उन्हाळ्यात ६०० फूट बोअर मारला. काळा पाषाण, मग मुरूम, परत काळा पाषाण, पाणी नाहीच, नुसता फुफाटा. ६०० फूट म्हणजे १८० मीटर झाले. म्हणजे मी समुद्राच्या खाली गेलो का नाही? मग पाणी का लागंना?

सिंदफणा | रविवार, दुपारी १:०५

तिघांनाही एकदमच उत्तर देतो. माझी नोकरी समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजांवर गेली. आता माजलगावात आहे आणि मोजायला फक्त धरणातलं पाणी उरलंय, तेही असलं तर.

बोअरवाले, तुमची जमीनच समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहे. १८० मीटर खाली गेलात तरी समुद्र आणखी तीनशेच्या वर मीटर खालीच राहिला. पण तुमचा आकडा कामाचा आहे, तो लक्षात ठेवा.

बीडकर, तुमचे दोन्ही आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. तुम्ही भूखंडमंचाच्या साधारण मध्यावर उभे होतात. मुंबईसमोर हा मंच जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडं तो निमुळता होत जातो आणि कोचीसमोर ६० किलोमीटरच्या आसपास उरतो. मुंबईसमोर त्याची बाहेरची कड सव्वाशे मीटरच्या आसपास पाण्याखाली आहे. म्हणजे औशाच्या बोअरमध्ये मुंबईच्या मंचाच्या कडेची अख्खी खोली मावेल आणि वर जागा राहील. कड ओलांडली की मात्र तळ उतरत तीन हजार मीटरच्या खाली जातो. अरबी समुद्र उथळ नाही दादा, तुम्ही उंबऱ्यावर उभे राहून घर मोजलंत.

आता मंचाचा उतार बघा. ३०० किलोमीटरमध्ये शंभर-सव्वाशे मीटर, म्हणजे तीन हजाराला एकाच्या आतबाहेर. आपल्या गोदावरीशी ताडून बघा. पैठण साडेचारशे मीटरवर, नांदेड ३६० च्या आसपास, मध्ये सरळ रेघेत दोनेकशे किलोमीटर. पैठणहून नांदेडकडं जाताना आपण उतरतोय असं कधी कुणाला वाटलंय? मुंबईसमोरचा तळ त्याच्याहूनही सपाट आहे.

खवट_नांदेडी | रविवार, दुपारी १:४०

मंच सपाट, मान्य. ताईंनी विचारलंय कड्याचं. तो आहे का नाही?

सिंदफणा | रविवार, दुपारी २:२५

नाही. तो आकृतीनं बनवलेला आहे, आणि कसा बनवलाय ते पोरीला पट्टी घेऊन स्वतः मोजता येईल.

समजा आकृती १५ सेंटिमीटर रुंद आहे आणि तेवढ्यात ३,००० किलोमीटरचा समुद्र बसवलाय. आडवा एक सेंटिमीटर म्हणजे २०० किलोमीटर झाले. उंची ५ सेंटिमीटर आणि त्यात १० किलोमीटर खोली. म्हणजे उभा एक सेंटिमीटर फक्त २ किलोमीटर. दोनशेला दोननं भागा. चित्र उभं शंभरपट ताणलेलं आहे.

जगभरातल्या खंडान्त उतारांची सरासरी काढली तर ती चार अंशांच्या आसपास येते. चौदा पावलं चाललात की एक पाऊल खाली. हा चौदाला एक उतार शंभरपट ताणला की एका पावलाला सात पावलं खाली, आणि कागदावर तो ८२ अंशांचा होतो. झाला कडा तयार! घाटरस्त्याची चढण साधारण वीसाला एक धरतात, म्हणजे खंडान्त उतार त्याहून थोडा चढा. कन्नडच्या घाटात लालपरी ज्या गिअरमध्ये कण्हत चढते, तशीच इथंही चढेल. काही ठिकाणी उतारात खोल घळी आहेत, त्यांच्या भिंती खरंच उभ्या असतात, पण तो सगळा उतार नव्हे.

आणि आकृती न ताणता काढली तर? १५ सेंटिमीटरमध्ये ३,००० किलोमीटर घेतले तर ५ किलोमीटर खोल पाणी पाव मिलिमीटरचं होतं. टोक केलेल्या पेन्सिलीची एक रेघ ओढा, त्या रेघेच्या जाडीत मंच, उतार, मैदान, पर्वतरांग सगळं आलं. म्हणून ताणावंच लागतं. ताणलेलं किती आहे ते कोपऱ्यात लिहिलं नाही की पोरं होडीत बसून कडा शोधतात.

आंबेजोगाईकरीण | रविवार, रात्री ८:१५

पट्टी घेऊन बसलो होतो दोघी. आमच्या आकृतीत आडवं प्रमाणच दिलेलं नाही. उभी खोली आहे, आडवे किलोमीटर नाहीत! पोरगी म्हणाली, "मग हे चित्र किती ताणलंय ते कुणालाच कळणार नाही." खरंय. पण बांधाचा माझा प्रश्न राहिला. उतार एवढा मंद असेल तर तिथं काही घसरत नाही असं समजायचं का?

सिंदफणा | रविवार, रात्री ९:०२

उलट आहे ताई, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. पाण्याखालचा गाळ भिजलेला, भुसभुशीत असतो. वरून नवीन गाळ लवकर लवकर साचला की खालच्या थरातलं पाणी निघायला जागा मिळत नाही, कणांमधली पकड सुटते, आणि दोन-तीन अंशांच्या उतारावरही अख्खा डोंगर निसटतो.

आपल्याच किनाऱ्यासमोरचा दाखला देतो. २०१५ साली जॉइडेस रेझोल्युशन नावाच्या जहाजानं मुंबईच्या पश्चिमेला, लक्ष्मी खोरं म्हणतात तिथं, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली तळात भोकं पाडली. गाळाच्या नळ्या वर आल्या तेव्हा एका ठिकाणी थरांचा सगळा क्रमच बिघडलेला. तिरके, चुरगळलेले, उलटेपालटे थर, आणि त्यात चुनखडकाचे तुकडे. हा चुनखडक उथळ पाण्यात बनतो. साडेतीन किलोमीटर खोल तळावर तो आपोआप उगवत नाही, वरून मंचाच्या कडेवरूनच यायला पाहिजे. अशा मिसळलेल्या राशीची जाडी तिथं ३०० मीटरच्या वर भरली. वरच्या-खालच्या थरांतल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून वय काढलं तर ते सुमारे एक कोटी वर्षं निघालं. पश्चिम किनाऱ्याच्या उताराचा प्रचंड तुकडा एका झटक्यात निसटून खोल मैदानावर पसरला होता. नटराज स्लाइड म्हणतात त्याला. म्हणजे तुमचा बांध फुटायला कडा लागत नाही.

गुरुजी_जिंतूर | सोमवार, संध्या. ६:४८

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. हा धागा वाचून आज पोरांना मैदानावर नेलं. १ मीटर म्हणजे १०० किलोमीटर धरलं, म्हणजे १ सेंटिमीटरला १ किलोमीटर, उभं-आडवं एकच प्रमाण. मुंबईचा खुंटा ठोकला आणि सुतळी धरून चालायला लागलो. १ मीटर ६० वर मुंबई हाय, तिथलं पाणी पाऊण मिलिमीटर. तीन मीटरवर मंचाची कड, पाणी सव्वा मिलिमीटर. पुढं चौदाला एक या हिशोबानं ३ सेंटिमीटर खाली जायला ४२ सेंटिमीटर लागले. एका पोरानं तिथं मातीत खुरप्यानं उतार केला, तर लांबून दिसेचना! मग सागरी मैदान, आणि १९ मीटरवर कार्ल्सबर्ग पर्वतरांग, म्हणजे मुंबईहून साधारण १,९०० किलोमीटर. पुढं गर्ता करायला जागा उरली नव्हती म्हणून मुंबईच्या जवळच एक खड्डा करून टाकला. प्रत्येक समुद्राला कडेला गर्ता असतेच ना.

पर्वतरांग मी पोरांना अशी सांगितली की आपल्याकडं जसा लाव्हा थरावर थर साचून बालाघाट झाला, तसाच तिथं साचून डोंगर झाला. बरोबर आहे का?

सिंदफणा | सोमवार, रात्री ९:३०

गुरुजी, मैदानाचं काम झकास. पण मुंबईजवळचा खड्डा बुजवा.

समुद्राची कड आली म्हणून गर्ता पडत नाही. जिथं एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली वाकून शिरतो तिथंच ती पडते. मुंबईसमोरची जमीन आणि तिच्यापुढचा सागरतळ एकाच भूपट्टाचे भाग आहेत, दोघं मिळून सरकतात, कुणी कुणाखाली जात नाही. आपल्या बाजूला खरी गर्ता बघायची तर बंगालच्या उपसागराच्या पलीकडं, अंदमान-सुमात्रा-जावाच्या बाहेर. जावासमोर ती ७,००० मीटरच्या खाली जाते. २००४ च्या २६ डिसेंबरचा भूकंप त्याच पट्ट्यातला. तुमच्या प्रमाणात ती गर्ता म्हणजे ७ सेंटिमीटरचा पसरट चर, विहीर नव्हे. जगातली सगळ्यात खोल गर्ता घेतली तरी ११ सेंटिमीटर, आणि रुंदी त्याच्या कितीतरी पट.

अरबी समुद्रात उत्तरेला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापुढं भूपट्ट खाली शिरतोय. १९४५ साली तिथं भूकंप होऊन त्सुनामी आली होती. पण तिथं खोल खड्डा दिसत नाही, कारण गाळानं तो भरून गेलाय. गर्ता आहे, दिसत नाही. हे पोरांना सांगा, मजा येईल त्यांना.

आता पर्वतरांग. लाव्हा तिथं येतो हे खरं, बेसाल्टच आहे तो, आपल्या काळ्या पाषाणाचा सख्खा चुलतभाऊ. पण उंची साचल्यामुळं नाही, उष्णतेमुळं आहे. रांगेच्या माथ्यावर भूपट्ट नवा, तापलेला, म्हणून फुगलेला असतो. दोन्ही बाजूंना सरकत जाईल तसा निवतो, आक्रसतो, जड होतो आणि खाली बसतो. तव्यावरची टम्म भाकरी खाली उतरवली की बसते तसं. भाकरीत वाफ असते हा फरक सोडा. याचा एक साधा हिशोब आहे आणि सुमारे सात कोटी वर्षं वयापर्यंत तो बऱ्यापैकी जुळतो:

खोली मीटरमध्ये = २५०० + ३५० × √वय, वय दशलक्ष वर्षांत.

माथ्यावर वय शून्य, खोली अडीच हजार. अडीच कोटी वर्षं वयाच्या तळासाठी २५ चं वर्गमूळ ५, पाच गुणिले साडेतीनशे म्हणजे १,७५०, एकूण ४,२५० मीटर. कार्ल्सबर्ग रांग सावकाश फाकते. एका बाजूला वर्षाला १२ मिलिमीटर धरा, तर अडीच कोटी वर्षांत ३०० किलोमीटर होतात. म्हणजे ३०० किलोमीटर चालून जेमतेम पावणेदोन किलोमीटर उतरलो, एकशे सत्तराला एक. पुस्तकात तो टोकदार डोंगर दिसतो कारण शंभरपट ताणल्यावर तोच उतार ३० अंशांचा होतो. तुमच्या मैदानावर ती तीन मीटर लांब आणि पावणेदोन सेंटिमीटर उंचीची वरंब होईल. माथ्यावर मात्र मधोमध एक दरी आहे आणि तिच्या भिंती खडबडीत, तुटक आहेत. तेवढा भाग खरंच डोंगराळ.

खवट_नांदेडी | सोमवार, रात्री १०:०५

सूत्र लावून बघितलं. अरबी समुद्राचा तळ पाच-सहा कोटी वर्षं जुना धरला, तर मुंबईपुढं पाच हजार मीटर खोली यायला पाहिजे. तुम्ही म्हणताय तीन हजाराच्या खाली, साडेतीन. दीड हजार मीटर गेले कुठं?

सिंदफणा | मंगळवार, सकाळी ७:२०

खवट म्हणवून घेता पण प्रश्न फार चांगला विचारलात. बराचसा हिशोब गाळात गेला. सिंधू नदी कोट्यवधी वर्षं हिमालयाचा गाळ आणून अरबी समुद्रात ओततेय. पंख्यासारखा पसरलेला तो गाळ मुंबईच्या बाहेरपर्यंत आणि त्याच्या खूप दक्षिणेपर्यंत गेलाय. सूत्र सांगतं ते खडकाच्या माथ्याचं, दोरी सोडली की आपल्याला लागतो गाळाचा माथा. सागरी मैदान सपाट का, याचंही उत्तर तेच. खालचा खडक खडबडीत आहे, गाळानं खाचखळगे भरून काढले, जशी आपल्याकडं काळ्या मातीनं खडकातली खळगी भरून शिवार सपाट केलं. काही डोंगर इतके उंच की गाळातून डोकं वर काढून उभे आहेत. लक्ष्मी खोऱ्यात रामन आणि पणिक्कर नावाचे समुद्री डोंगर आहेत, तसाच सपाट माथ्याचा वाडिया.

पण सगळा दोष गाळाला देऊन मोकळं होता येत नाही. मुंबईच्या पुढं लक्ष्मी रांग म्हणून गाडलेला उंचवटा आहे. तो भारताच्या जमिनीचा तुटून राहिलेला तुकडा असावा असं बरेच जण मानतात. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधलं लक्ष्मी खोरं खऱ्या सागरी खडकाचं की ताणून पातळ झालेल्या जमिनीचं, यावर जाणकारांत अजून वाद आहे. जमिनीचा खडक असेल तर माझं सूत्र तिथं लावायचंच नाही. म्हणून तुमच्या दीड हजारांपैकी किती गाळाचे आणि किती चुकीच्या सूत्राचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

बोअरवाला_औसा | मंगळवार, सकाळी ९:१०

चुलतभाऊ म्हणालात ते कळलं नाही. आमचा काळा पाषाण अन् समुद्रातला एकाच वेळचा का?

सिंदफणा | मंगळवार, सकाळी १०:००

एका वेळचा नाही, पण एकाच घरचा म्हणता येईल. आपला पाषाण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. त्यानंतर तीसेक लाख वर्षांत सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटून निघाला आणि मधल्या फटीत नवा सागरतळ तयार व्हायला लागला. ती फट आजही फाकतेय. तीच कार्ल्सबर्ग रांग. तुमच्या बोअरला लागलेला पाषाण जमिनीवर वाहिला आणि थांबला, तिकडचा अजून निघतोय.

बोअरवाला_औसा | मंगळवार, सकाळी १०:०४

म्हणजे तिथं तरी काहीतरी निघायलंय.

रिगवरचा_बीडकर | मंगळवार, दुपारी १२:४०

😂😂 सिंदफणा सर, एक विचारतो. आमच्याकडं जुने लोक म्हणायचे की मंचाच्या बाहेरच्या भागात तळाशी शिंपले आणि चुन्याचे गोळे निघतात, किनाऱ्यावर असतात तसे. एवढ्या लांब किनाऱ्याचं सामान कसं?

सिंदफणा | मंगळवार, दुपारी ३:१५

कारण तो किनारा होता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. मंचाच्या कडेची खोली आठवा. म्हणजे तेव्हा मुंबईचा किनारा आजच्या मुंबईपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर पश्चिमेला. तुमच्या रिगची जागा कोरडी जमीन होती. बाहेरच्या मंचावर फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचं चुनखडीचं सपाट पठार आहे, ५० फॅदम म्हणजे ९१ मीटर. तिथले वाळूएवढे गोल चुन्याचे दाणे लाटांनी घोळवल्याशिवाय बनत नाहीत, म्हणजे तिथं कधीतरी पाणी उथळ होतं. आपल्या जुन्या पुस्तकांत मंचाला समुद्रबूड जमीन म्हणायचे. तो शब्द मला जास्त आवडतो, कारण ती खरंच बुडालेली जमीन आहे.

आंबेजोगाईकरीण | बुधवार, रात्री ९:२०

पोरीनं वहीत नवीन आकृती काढली, कोपऱ्यात लिहिलं, "उभे प्रमाण १०० पट ताणलेले". बाईंनी विचारलं हे कुठून आणलं. मार्क कापले नाहीत, पण पुढच्या वेळी पुस्तकासारखीच काढ म्हणाल्या. ती घरी येऊन फणफणत होती.

तिचा नवीन प्रश्न असा की आमच्या शिवारातली वाहून गेलेली माती गोदावरीतून तिकडं बंगालच्या उपसागरात जाते, मग ती मंचावरच बसते का खाली जाते?

सिंदफणा | बुधवार, रात्री १०:४५

दोन्ही. गोदावरीच्या मुखापुढं मंच मुंबईसारखा रुंद नाही, अगदी अरुंद आहे, त्यामुळं बराच गाळ कड ओलांडून उताराच्या घळींतून खाली जातो. त्या उतारावर सव्वा किलोमीटरहून जास्त पाण्याखाली काढलेल्या गाळाच्या एका नळीत हजारो वर्षांचे थर सापडलेत. मातीतल्या निओडिमियम नावाच्या धातूच्या समस्थानिकांवरून ती दख्खनच्या बेसाल्टची की पूर्वेकडच्या जुन्या खडकांची, हे ओळखता येतं. वरच्या थरांत, म्हणजे गेल्या काही हजार वर्षांत, दख्खनच्या मातीचा वाटा वाढलेला दिसतो. पाऊस कमी झाला, झाडोरा गेला, शेती वाढली, यातलं कशामुळं किती, यावर चर्चा चालू आहे.

गुरुजी_जिंतूर | गुरुवार, सकाळी ७:५५

खड्डा बुजवला. आता नांदेडच्या बाजूनं सुतळी लावायची आहे. तिकडं मंच किती सेंटिमीटर धरू?